विश्रामबाग येथील घराचे रखडलेले फिनिशिंग : सुधारित वेळापत्रक मिळण्याबाबत

सांगली
दि. 16 फेब्रुवारी 2026

प्रति,
श्री. माने
बांधकाम ठेकेदार, सांगली

विषय : करारातील 31 डिसेंबर 2025 ही मुदत उलटून गेल्याने उरलेल्या कामाचे तारखांसह नवे वेळापत्रक मिळावे.

मानेसाहेब,
स. न. वि. वि.

आपले बोलणे आजवर फोनवर आणि व्हॉट्सअॅपवरच होत आले. त्यात कटुता कधी आली नाही. पण "दोन दिवसांत माणूस पाठवतो" या उत्तरावर मला पुढचे काहीच ठरवता येत नाही, म्हणून हे लेखी कळवते आहे. शनिवारी संध्याकाळी मी आणि हे दोघे साइटवर जाऊन खालपासून गच्चीपर्यंत सगळे पाहून आलो. जे दिसले ते आधी सांगते आणि मग माझे म्हणणे मांडते.

सगळे अडले आहे ते वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या बाथरूमपाशी. जानेवारीत तिथे वॉटरप्रूफिंग झाले आणि पाणी साठवून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी उतरली होती आणि खाली जेवणघराच्या छताला नहाणी ट्रॅपच्या आजूबाजूला ओल आली होती. तुमच्या मिस्त्रींनी ती पाहिली, ट्रॅपभोवतीचा भाग फोडून पुन्हा करावा लागेल असे सांगितले आणि ते गेले. त्यानंतर तिथे कोणी हात लावलेला नाही. ते होत नाही तोवर त्या बाथरूमची फरशी आणि डॅडो नाही. डॅडो नाही म्हणून प्लंबर नळ बसवायला येत नाही. जेवणघराचे छत ओले आहे म्हणून पेंटर खालच्या मजल्याचा दुसरा पुट्टीचा हात द्यायला तयार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. ओल्या गिलाव्यावर पुट्टी मारली तर पावसाळ्यात तिचे पोपडे निघणार.

वायरिंगची गोष्ट याहून विचित्र आहे. वायरमन म्हणतो, पेंटरचा पहिला हात झाल्याशिवाय स्विच आणि प्लेटा बसवणार नाही. पेंटर म्हणतो, वायरमनने आणि प्लंबरने मारलेल्या झिऱ्या कोणीतरी आधी भरून द्या. गवंडी म्हणतो, झिऱ्या भरणे माझ्या कामात धरलेले नाही. तिघांशी मी वेगवेगळी बोलले. तिघेही आपापल्या जागी खरे बोलत आहेत. पण या तिघांना एका जागी उभे करून कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवणे हे तुमचे काम आहे, माझे नाही. साहित्यासह 1,900 रुपये चौरस फुटाचा दर मी मान्य केला तो याचसाठी.

स्वयंपाकघरात ओट्याचा काळा ग्रॅनाइट कापून येऊन भिंतीला टेकवून ठेवला आहे, खालच्या कडप्प्याच्या फळ्या बसल्या आहेत, सिंकही आणून दिले आहे. ग्रॅनाइटला सिंकचा कट मारून तो बसवायचा, एवढेच काम. एका कारागिराचा फार तर दिवसभराचा वेळ. ते का होत नाही हे मला खरोखर समजलेले नाही.

हॉलची फरशी दिसायला उत्तम झाली आहे, हे आवर्जून लिहिते. सांधे सरळ आहेत. मात्र मुख्य दारापासून जिन्याकडे जाणाऱ्या पट्ट्यात काही फरश्यांवर नाणे वाजवले की पोकळ आवाज येतो. त्यांवर मी खडूने फुल्या केल्या आहेत. ग्राउटिंग होण्याआधी त्या काढून पुन्हा बसवाव्यात. नंतर कपाट सरकवताना त्यातली एखादी तडकली, तर त्याच शेडची फरशी तेव्हा मिळेलच असे नाही. उरलेल्या फरश्यांच्या पेट्या म्हणूनच साइटवरून हलवू देऊ नका.

खिडक्यांच्या अॅल्युमिनियम चौकटी बसल्या आहेत, पण सरकत्या काचा आणि जाळ्या नाहीत. जिन्याच्या रेलिंगबद्दल फॅब्रिकेटरला मी विचारले, तर तुमच्याकडून आगाऊ रक्कम आली की काम सुरू करतो असे तो म्हणाला. तुमच्या दोघांच्या व्यवहारात मला पडायचे नाही. पण सासूबाईंना जिना चढायला कठडा लागतो. त्यामुळे रेलिंगशिवाय घराचा ताबा घेण्याचा प्रश्नच येत नाही.

गच्ची आणि बाहेरचा रंग यांचे मात्र वेगळे लिहावे लागेल, कारण तिथे मला सर्वात जास्त काळजी आहे. ब्रिकबॅट कोबा अजून अर्ध्यावर आहे आणि पॅरापेटच्या वरच्या कडेला उतार दिलेला नाही. सांगलीत वळीव एप्रिलमध्येही झोडपतो, आणि गेल्या वर्षी तर मान्सूनच मे महिन्यात येऊन ठेपला होता. कोबा झाल्यावर त्यावर आळे करून पाणी साठवायला हवे, ते नीट मुरायला हवे, मग गळतीची चाचणी, आणि त्यानंतर बाहेरच्या भिंतींचा प्रायमर व रंग. हे सगळे मार्चमध्ये नाही झाले तर एप्रिलच्या उन्हात टँकरच्या पाण्यावर कोबा भिजवावा लागेल, किंवा पाऊस तोंडावर आल्यावर घाईत रंग मारावा लागेल. आतले एखादे काम मागे पडले तर मी समजून घेईन. बाहेरचे पडलेले मला चालणार नाही.

आता उशिराच्या कारणांविषयी. गेल्या पावसाळ्यात बाहेरचा गिलावा थांबला होता. ते तुमच्या हातातले नव्हते आणि त्याबद्दल मी तेव्हाही काही म्हटले नाही. दिवाळीला माणसे गावी गेली, तेही ठीक. पण डिसेंबरपासून आपली गँग तुमच्या दुसऱ्या साइटवर स्लॅबच्या कामाला गेली आहे, हे तुमच्याच मुकादमाने मला सांगितले. तुम्ही एका वेळी एकच साइट घ्यावी असे मी म्हणणार नाही. धंदा आहे. पण आमची माणसे तिकडे नेताना ती कधी परत येणार हे मला कळायला हवे होते. शिवाय आता होळी तोंडावर आली आहे. पेंटर आणि फरशीवाले दोघेही उत्तरेकडचे आहेत. होळीला गेलेला माणूस कधी परतेल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असणार. नव्या तारखा देताना ते दिवस धरूनच द्या.

आमची अडचणही तुम्हाला माहीत असावी. भाड्याच्या घराचा करार 30 एप्रिल 2026 रोजी संपतो आणि घरमालकांना तो वाढवायचा नाही. दरमहा 14,000 रुपये भाडे आणि त्यावर बँकेचे व्याज असे दोन्ही आम्ही भरतो आहोत. बँक शेवटचा हप्ता काम पूर्ण झाल्याशिवाय सोडत नाही. महापालिकेकडे भोगवटा प्रमाणपत्रासाठी आर्किटेक्ट अर्ज करतील तेही काम संपल्यावरच. तेव्हा तुमच्या एका तारखेवर आमच्या अनेक तारखा अवलंबून आहेत.

पैशांचा हिशेब स्पष्ट असावा म्हणून लिहिते. 1,650 चौरस फुटांचे एकूण 31,35,000 रुपये ठरले. गिलाव्यापर्यंतचे 80 टक्के, म्हणजे 25,08,000, करारातल्या टप्प्यांप्रमाणे पोहोचले आहेत. डिसेंबरमध्ये फरशी आणि रंगाच्या सामानासाठी तुम्ही मागितलेले 3,00,000 रुपये टप्पा पूर्ण झालेला नसतानाही दिले. उरले 3,27,000. त्यातले 5 टक्के, म्हणजे 1,56,750 रुपये, ताब्यानंतर सहा महिने राखून ठेवायचे आहेत. राहिलेले 1,70,250 रुपये मी कामाप्रमाणे द्यायला तयार आहे. बाथरूमची चाचणी पास होऊन फरशी बसली, गच्ची आणि बाहेरचा रंग झाला, शेवटी आतले सगळे संपले, असे तीन भाग तुम्हीच सुचवा. काम पाहिल्यावर दोन दिवसांत पैसे खात्यात येतील. आणखी आगाऊ रक्कम मात्र आता मिळणार नाही.

माझी मागणी एवढीच आहे. शनिवार, 21 फेब्रुवारीपर्यंत मला एका कागदावर उरलेल्या प्रत्येक कामाची सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख द्या. त्यापुढे ते काम कोणता कारागीर करणार आणि त्यासाठी कोणते सामान अजून यायचे आहे, हेही लिहा. कोणत्या कामाआधी कोणते व्हायला हवे ते त्यात दिसू द्या, म्हणजे पेंटर आणि वायरमन पुन्हा एकमेकांची वाट पाहत बसणार नाहीत. मला खूश करण्यासाठी जवळची तारीख लिहू नका. 10 एप्रिल जमत नसेल आणि 20 एप्रिल जमत असेल, तर 20च लिहा. आम्ही सामान बांधण्याचे त्याप्रमाणे ठरवू. एप्रिल ओलांडून जाणारी तारीख मात्र मला मान्य करता येणार नाही.

माझ्याकडून ठरवायचे काही राहिलेले नाही. रंगांचे शेड क्रमांक, दारांचे लॅमिनेट, नळांचे मॉडेल या सगळ्यांची यादी 5 जानेवारीला पाठवलेली आहे. ती पुन्हा या पत्रासोबत जोडते. यातली एखादी वस्तू बाजारात मिळत नसेल तर लगेच कळवा, त्याच दिवशी पर्याय सांगेन.

बाथरूमची दुरुस्ती झाल्यावर 48 तास पाणी साठवून ठेवावे आणि सुरुवातीची पातळी भिंतीवर पेन्सिलने आखावी. चाचणी मी आणि आर्किटेक्ट दोघे पाहू, मगच फरशी लावायची. फरशीखाली गळती झाकली गेली तर पुढे फोडाफोडी आमच्याच नशिबी येणार.

करारातल्या कलम 9 प्रमाणे मुदतीनंतर दर आठवड्याला 5,000 रुपये विलंब आकार आहे. त्याचा आकडा मी आज मांडत नाही, पण तो हक्क सोडलेलाही नाही. नव्या वेळापत्रकाप्रमाणे काम झाले तर त्याबद्दल बसून बोलता येईल. कलम 11 प्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन उरलेले काम दुसऱ्याकडून तुमच्या खर्चाने करून घेता येते. हे पत्र ती नोटीस नाही. पाया खणल्यापासून हे घर तुम्ही बांधले आहे, स्लॅबचे आणि विटांचे काम पाहून आमच्या ओळखीतल्या दोघांनी तुमचा नंबर घेतला. ते तुमच्याच हातून पूर्ण व्हावे अशी आमची इच्छा आहे.

रविवारी, 22 फेब्रुवारीला सकाळी 9 वाजता आम्ही दोघे साइटवर असू. आर्किटेक्टही येणार आहेत. तुम्ही कागद घेऊन या आणि शक्यतो पेंटर, प्लंबर आणि वायरमन यांनाही बोलवा. अर्ध्या तासात निम्मे प्रश्न तिथेच सुटतील. ती वेळ सोयीची नसेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत दुसरी वेळ कळवा.

कळावे,

आपली,
सौ. देशमाने

सोबत : रंग, लॅमिनेट आणि नळांची यादी, साइटचे 14 फेब्रुवारीचे फोटो
प्रत : आर्किटेक्ट यांना माहितीसाठी

ता. क. : जिन्याखाली ठेवलेल्या सिमेंटच्या पोत्यांपैकी भिंतीला लागून असलेली पोती ओल लागून दगड झाली आहेत. ती गच्चीच्या कामाला वापरू नयेत, आजच बाहेर काढायला सांगावे.