प्राण्यांच्या शेल्टरला भेट : अहवाल, आठवी ब

भेटीची तारीख : शनिवार, २४ जानेवारी २०२६
ठिकाण : हिंगणा रोडकडचं प्राण्यांचं शेल्टर, नागपूर
गेलेले विद्यार्थी : २६, सोबत विज्ञानाच्या मॅडम आणि पीटीचे सर

मॅडमनी सांगितलं होतं की अहवालात उद्देश लिहायचा, तर उद्देश हा की भटक्या प्राण्यांची काळजी कशी घेतात ते बघणं. पण खरं सांगायचं तर अर्धी बस काळूला बघायला चालली होती. काळू म्हणजे आमच्या शाळेच्या गेटवरचा कुत्रा, मी पाचवीत होते तेव्हापासून तिथेच, आणि डिसेंबरमध्ये गाडी आली न् त्याला घेऊन गेली. निघताना वॉचमन काकांनी माझ्याजवळ कागदात गुंडाळून गूळपोळी दिली, म्हणे त्याला दे.

साडेनऊला पोचलो. गेटवरच एका ट्रेमध्ये औषधाचं पाणी होतं, त्यात बूट बुडवूनच आत जायचं. डॉक्टर ताईंनी कारण सांगितलं, पार्वो नावाचा व्हायरस असतो, लहान पिल्लांना उलट्या आणि रक्ताची हगवण होते, आणि तो जमिनीवर महिनोन्‌महिने जिवंत राहतो, म्हणजे आपल्या चपलेला लागून पण आत जाऊ शकतो. म्हणून पिल्लांच्या खोलीत आम्हाला जाऊच दिलं नाही, काचेतूनच बघितलं. सात पिल्लं एका पोत्यावर एकमेकांवर चढून झोपली होती, वर पिवळा बल्ब लावलेला. पिल्लांना पहिले काही दिवस स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही हे मला माहीत नव्हतं.

आत वास येतो. हे लिहू नको असं मैत्रीण म्हणाली पण येतो, फिनाईल आणि ओल्या कुत्र्याचा मिळून. आवाज तर इतका की पहिले दहा मिनिटं ताई काय बोलून राहिल्या तेच ऐकू येत नव्हतं, मग कुत्र्यांना आमची सवय झाली आणि एकेक करून गप्प झाले.

पिंजऱ्यांना नंबर आहेत आणि प्रत्येकावर एक कार्ड, कुठून आणला, कधी, काय झालं, कोणती लस दिली. मी वाचलेली काही : मागचा पाय नाही, ट्रकखाली आला. डोक्याच्या जखमेत अळ्या. गोचीड ताप. एक म्हातारी पांढरी कुत्री, कार्डावर फक्त "मालकाने सोडली" एवढंच. ती जातीची होती, मोठ्या केसांची, आणि कोणीही आलं तरी आमच्याकडे न बघता गेटकडेच बघायची. तिच्यापाशी सगळे जास्त वेळ थांबले.

मांजरांचा विभाग छोटा आहे, त्याबद्दल विशेष काही नाही, मांजरी झोपल्या होत्या. दोन गाढवं आणि एक बैल पण आहे, बैलाच्या खांद्यावर जुवाची जुनी जखम होती. पोळ्याला आपण त्याच खांद्यावर तूप-हळद लावतो.

संक्रांतीला मांजात अडकलेले पक्षी इथे येतात का, हे एकाने विचारलं. शेल्टरमधले काका म्हणाले लोकं आणून देतात, पण घार-घुबड हे जंगली पक्षी, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, त्यांना इथे ठेवता येत नाही, ते सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला पाठवतात. नायलॉन मांजा पंखाचं कातडंच नाही तर आतली शीर पण कापतो, आणि घरी ओढून काढायला गेलं तर अजून खोल जातो, म्हणून पक्षी डब्यात ठेवायचा, डबा झाकायचा, पाणी तोंडात ओतायचं नाही. हे ऐकताना आमच्या वर्गातले दोन पोट्टे एकदम खाली बघायला लागले.

आता बाकीचे प्रश्न.

कुत्रा चावला तर आधी काय करायचं? ताई : साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. तिखट, हळद, चुना काहीच नाही. मग त्याच दिवशी मेयो नाहीतर मेडिकल हॉस्पिटलला जायचं. दंडात इंजेक्शन असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, पहिलं घेतलं तो दिवस शून्य. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून "बघू उद्या" करायचं नाही.

कान काऊन कापता? हा माझा प्रश्न. ताई : नसबंदी झाली हे लांबूनच कळावं म्हणून. नाहीतर तोच कुत्रा परत पकडून आणतील.

सगळ्या कुत्र्यांना इथेच ठेवलं तर? ताई हसल्या, म्हणाल्या जागा दाखवा. मग नीट सांगितलं, २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस करून कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा. एका गल्लीतले कुत्रे काढले तर शेजारच्या गल्लीतले, लस नसलेले, तिथे येतात कारण खरकटं तर तसंच पडलेलं असतं.

मग काळूला परत काऊन नाही सोडत? हे चार जण एकदम बोलले. ताईंनी सांगितलं की ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा जागांमधले कुत्रे नसबंदी-लसीनंतर शेल्टरमध्येच ठेवायचे, परत तिथे सोडायचे नाहीत. मॅडम म्हणाल्या लहान मुलं चावली जातात म्हणून. ते पण खरंच आहे, माझ्या चुलतभावाला टाके पडले होते. पण काळूने कोणालाच चावलं नव्हतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्या की मला काय लिहायचं ते सुचत नाही.

काळू ३१ नंबरमध्ये आहे. कार्डावर नाव नाही, फक्त "काळा, नर, शाळा परिसर". डाव्या कानाला खाच. मला वाटलं ओळखणार नाही, पण पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवली न् तो उठून जाळीला येऊन उभाच राहिला, सर मग उगाच मोबाईल बघत बसले. वजन वाढलंय त्याचं, अंगावर गोचीड एक पण नाही, थंडीचं पोतं पण आहे. फक्त शाळेत तो दिवसभर फिरायचा आणि इथे त्याच्या वाट्याला सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास अंगण येतं.

गूळपोळी देऊ दिली नाही. बाहेरचं खाणं बंद, एकाने आणलेली चॉकलेट क्रीमची बिस्किटं तर काकांनी काढूनच घेतली, चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं. कांदा-लसूण पण, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. इथे भात, उकडलेलं चिकन आणि थोडी हळद, मीठ नाही. आपल्या घरचं तर्रीचं उरलेलं आपण गल्लीतल्या कुत्र्याला टाकतो ते आठवलं.

दत्तक घेता येतं का, तर हो, पण फॉर्म मोठ्या माणसाच्या नावावर लागतो आणि आधी घर बघायला येतात. मॅडमनी दोन फॉर्म घेतले, कोणासाठी ते सांगितलं नाही.

दीड वाजता शाळेत परत. वॉचमन काका गेटवरच उभे होते. मी पोळी परत दिली, काळू जाड झालाय म्हणून सांगितलं. त्यांनी कानाचंच विचारलं, कापताना दुखलं असेल न बे त्याला? मी सांगितलं, भूल देऊन कापतात.