हे तुझ्या हातखर्चाला

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. सौ. आशूस मावशीचे अनेक आशीर्वाद.

बारशाच्या गडबडीत हे वाचू नकोस. पाहुणे गेले, छोटी पिऊन झोपली, दार लोटलं, की मग सावकाश उघड. तिचे वाळे मी वेगळे दिलेत. हुपरीहून आणलेत, बिनघुंगरांचे. घुंगरू निघून आलं आणि तोंडात गेलं तर काय, म्हणून मुद्दाम साधे घेतले. नाव काय ठेवताय ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आत्याबाई तिच्या कानात सांगतील तेव्हाच आम्हालाही कळेल.

या पाकिटात जे आहे ते छोटीचं नाही. ते तुझं आहे.

अकरा हजार आहेत, वर एक रुपया. पाचशेच्या बारा नोटा आहेत आणि बाकीचे पाच हजार मी बँकेतनं शंभराच्या नोटांत मागून घेतले. म्हणून पाकीट एवढं जाड झालंय. पाचशेची नोट मोडायची म्हटलं की आपण ती घरातल्या कुणाकडं तरी देतो, आणि सुटे होऊन आले की ते घरखर्चात जातात. शंभराच्या नोटेचं तसं होत नाही. रिक्षावाल्याला दिली, शहाळंवाल्याला दिली, झालं. कुणाला हाक मारायला नको, काही सांगायला नको.

फोनवरनं पाठवता आले असते. पण तुझ्या खात्यातनं फ्लॅटचा हप्ता जातो हे मला माहीत आहे. तिथं टाकलेले पैसे हप्त्यात जातील आणि तुला वाटेल, बरं झालं, या महिन्याचं भागलं. हप्ता महत्त्वाचा आहे, पण हे पैसे त्याच्यासाठी नाहीत. म्हणून हातात देते.

परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस की दूध पाजायचे दोन गाऊन घ्यायचे होते आणि त्यासाठी ह्यांच्याकडं पैसे मागताना कसंसंच झालं. मग लगेच म्हणालीस, "तसं काही नाही गं मावशी, ते कधी नाही म्हणत नाहीत." मला ठाऊक आहे ते. तुझ्या ऑपरेशनच्या रात्री जावईबापू दवाखान्याच्या पायऱ्यांवर सकाळपर्यंत बसून होते, मी बघितलंय. ते देतात की नाही हा प्रश्नच नाही. तू लग्नाआधीपासनं मिळवतेस. पहिल्या पगारातनं तू आईला साडी आणि मला चष्म्याची फ्रेम घेतली होतीस. सातव्या महिन्यात पाय सुजले, तू घरी बसलीस आणि पगार थांबला. एखाद्या मोठ्या कंपनीत असतीस तर पहिल्या बाळंतपणाला 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यानंच मिळाली असती, 2017 पासनं तेवढी आहे. पण शाहूपुरीतल्या तुझ्या ऑफिसात सगळी मिळून सहा माणसं, आणि दहाच्या आत माणसं असली की तो कायदा तिथं लागू होत नाही. साहेबांनी तुझी जागा तशीच ठेवलीय, हेच खूप असं तू म्हणतेस. असेलही. तरी ज्या हातानं दर महिन्याला घरात पैसे दिले तोच हात मागायला पुढं करायचा, हे जड जातं. त्यात तुझं काही चुकत नाही. तू हिशेबी आहेस म्हणून किंवा सासरची माणसं परकी वाटतात म्हणून ते होत नाही. स्वतःच्या पैशाची सवय असलेल्या कुठल्याही बाईला तसंच वाटेल.

सीपीआरला बाळंतपणाच्या वॉर्डात मी हे फार बघितलं. गगनबावड्याकडनं, शाहूवाडीकडनं बायका यायच्या. घरी सोडायच्या दिवशी सासरची माणसं औषधं आणायला गेली की आई पदराची गाठ सोडायची, घामानं मऊ पडलेली दहाची नोट लेकीच्या मुठीत दाबायची आणि म्हणायची, "ऱ्हाऊ दे, तुला हुईल." बाळाच्या हातावर ठेवायचे पैसे वेगळे असायचे. ही नोट लेकीची असायची, आणि लेक ती उशीच्या अभ्र्यात सारायची. सांगून कुणी शिकवलं नव्हतं, तरी सगळ्याजणी तसंच करायच्या.

तुझ्या आईनंही माझं असंच केलं. मंदारच्या वेळी ती डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली. लाडू संपत आले तेव्हा तळाच्या कागदाखाली पन्नास रुपये निघाले. तिला विचारलं तर म्हणाली, "लाडू संपले की लागतील म्हणून खाली ठेवले." मी त्याचा थर्मास घेतला. रात्री उठलं की कोमट पाणी उशाशी असायचं, स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायला लागायची नाहीत. ताई असती तर आज पैसे तिनंच दिले असते, आणि सोबत चिठ्ठी नसती, कारण तिला लिहायचा कंटाळा. माय मरो पण मावशी जगो असं लोक तुझ्यासमोर म्हणतात, ते मला ऐकवत नाही. ती जायलाच नको होती. तिची जागा मला घेता येणार नाही. पण तिनं केलं असतं त्यातलं जे मला जमतं ते मी करणार, आणि तू ते करू द्यायचं.

मावशीनं एवढे कुठनं आणले म्हणून तू विचार करत बसशील, म्हणून सांगते. गल्लीतली भिशी या महिन्यात मला लागली. पेन्शन वेगळी आहे, माझ्या गोळ्यांचे पैसे वेगळे आहेत. कशालाही हात लावलेला नाही.

खर्च कशावर करायचा ते तूच ठरव आणि मला सांगूही नकोस. मला काय वाटतं तेवढं मात्र लिहिते. बाळंतपणात पाऊल थोडं वाढतं, आणि काहीजणींचं ते तसंच राहतं. जुन्या चपला लागत असतील तर रेटत बसू नकोस. चप्पल लाईनीत जाऊन मापाची नवी कोल्हापुरी घे, मऊ तळाची. संध्याकाळी गंगावेशीत म्हशी येतात, समोर पिळून दूध देतात. जावईबापूंना किटली देऊन पाठव आणि उकळून पी. मटण खायची इच्छा झाली तर पथ्याचं नाव सांगून कुणी अडवलं तरी माझं नाव सांग. टाके भरले आहेत, पोट बरं आहे, तर खा. आणि हो, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नकोस, दोन्हींत दोन तास जाऊ देत. घरातलं काम उरकायला आणखी एक बाई दिवसातनं दोन तास ठेवावीशी वाटली तर खुशाल ठेव. त्या दोन तासांत तू झोपणार असलीस तर हे पैसे कारणी लागले असं मी समजेन.

एक गोष्ट मात्र मला स्पष्ट लिहायचीय, आणि तीच मोठी आहे. बाळंतपणानंतर पहिल्या दिवसांत रडू येतं. कारण नसतं, तरी येतं. वॉर्डात निम्म्याहून जास्त बायका रडायच्या, आणि दोन आठवड्यांच्या आत बहुतेकींचं थांबायचं. तुला आता सव्वा महिना झाला. परवा फोनवर तू हसत बोलत होतीस, पण मधेच गप्प झालीस, आणि मग म्हणालीस की छोटी झोपली तरी मला झोप लागत नाही, ती रडली की माझ्या छातीत धडधडतं, आपल्याला हे जमणार नाही असं वाटतं. तुझा आवाज मी तू बोलायला लागल्यापासनं ऐकतेय. हे नुसतं जागरण नाही असं मला वाटतं. बाळंतपणानंतर असं होतं, ते आजारपण आहे, आणि त्याला औषधं आहेत. अंगावर पाजत असताना चालतील अशीही आहेत, डॉक्टर बघून देतात. तू वाईट आई आहेस म्हणून हे होत नाही. ताप चढला तर आपण कुणाला दोष देत नाही, दाखवतो. तसंच हेही दाखवायचं. ज्या डॉक्टरीणबाईंनी तुझं ऑपरेशन केलं त्यांनाच आधी सांग, पुढं कुणाकडं जायचं ते त्या सांगतील. फी याच पाकिटातनं दे. घरात कारण सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर मावशीनं टाके दाखवायला बोलावलंय म्हण. आपल्याला सांभाळून घेणारी माणसं आहेत ती. एकदा कळलं की तुझ्या सासूबाईच छोटीला घेऊन बसतील, बघ तू. आणि जीव नकोसा झाला, स्वतःला किंवा छोटीला काही करावं असा विचार मनात आला, तर तो कितीही वाईट वाटला तरी त्याच क्षणी मला फोन कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी. मी रिक्षा करून येते. तसा विचार येणाऱ्या बायका मी बघितल्यात, आणि वेळेवर सांगितल्यामुळं त्या बऱ्या होऊन लेकरं घेऊन आम्हाला भेटायलाही आल्यात.

शुक्रवारी मी दहा वाजता येते. जेवणाचा डबा माझ्याकडचा. छोटी माझ्याकडं दे आणि तू आतल्या खोलीत जाऊन झोप, मी उठवीन तेव्हा ऊठ. दुपारी डॉक्टरीणबाईंकडं दोघी जाऊ. नंबर मी आधीच लावून ठेवलाय. तुला नको वाटलं तर गुरुवारी रात्रीपर्यंत सांग, मी पुढच्या आठवड्याचा घेईन. पण जायचं आहे.

छोटीला मुका, जावईबापूंना आणि विहीणबाईंना नमस्कार.

तुझी,
मावशी

ता. क. आहेराच्या वहीत हे मांडू नकोस. दारात वही घेऊन बसलेल्या पोरीला मी सांगून ठेवलंय, माझ्या नावापुढं फक्त वाळे लिही. उद्या मंदारच्या घरी काही कार्य निघालं तर तू तुझ्या मनाप्रमाणं दे, या आकड्याकडं बघून देऊ नकोस. आणि पाकीट कपाटाच्या वरच्या कप्प्यात साड्यांखाली ठेव, बाळाच्या कपड्यांत नको. तिथं दिवसातनं दहावेळा सगळ्यांचे हात जातात.