चिखलदरा सहल पुढे ढकलल्याबाबत निवेदन

वाचनालयाचे सर्व सभासद आणि सहलीसाठी नाव दिलेली कुटुंबे यांना सस्नेह नमस्कार.

येत्या रविवारी, 10 ऑगस्टला ठरलेली आपली चिखलदऱ्याची सहल आता रविवार, 14 सप्टेंबरला निघेल, हे कळवताना मन खट्टू होते, कारण मुलांनी गाविलगड पाहण्याचे दिवस बोटांवर मोजले आहेत.

चिखलदऱ्याला जायचे ते पावसातच, हे खरे; पण चार दिवसांपासून लागलेली झड वेगळी आहे. काल सायंकाळी आम्ही तिघे नाल्यावर गेलो, तेव्हा रपट्याच्या कडेचे दगड पाण्याखाली गेले होते. सकाळी कसेबसे निघालो तरी रात्री लहान मुले आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन पलीकडे अडकून पडण्याची भीती आहे. परतवाड्यापुढचा घाट अशा धुक्यात अंधार पडल्यावर उतरणे गाडीच्या चालकालाही योग्य वाटत नाही.

दुसरे कारण संख्येचे. नोंदलेल्या 46 जणांपैकी 21 जणांचेच येणे आता नक्की आहे. बसचे भाडे 18,400 रुपये ठरलेले असल्याने प्रत्येकी 400 रुपयांचा वाटा पावणेनऊशेच्या घरात गेला असता, आणि तो भार उरलेल्यांवर टाकणे आम्हाला बरे वाटले नाही. ज्यांनी नाव मागे घेतले, त्यांनी कृपया मनात संकोच ठेवू नये. शेतात तण माजले असताना उघाड मिळेल त्या दिवशी निंदण आणि डवरणी करावीच लागते, आणि निंदणाच्या बायांना दिलेला शब्द सहलीसाठी मोडावा, असे आम्ही कोणालाही म्हणणार नाही.

पोळा, गणपती आणि महालक्ष्म्या आटोपलेल्या असतील व सोयाबीन काढणीला आलेले नसेल, असा विचार करून नवी तारीख धरली आहे. ते दिवस पितृपक्षाचे असल्यामुळे ज्यांच्या घरी त्या दिवशी तिथी असेल, त्यांनी आताच सांगावे. अशी घरे जास्त निघाल्यास तारखेचा पुन्हा विचार करू.

बसमालकांनी 2,000 रुपयांची आगाऊ रक्कम नव्या तारखेसाठी कायम ठेवली आहे, त्यांचे मनापासून आभार. आपण भरलेले 400 रुपये तसेच जमा राहतील. ज्यांना ते परत हवे असतील, त्यांना सोमवारपासून सायंकाळी 6 ते 8 या वेळेत वाचनालयात पूर्ण रक्कम मिळेल, कारण विचारले जाणार नाही. शिदोरीसाठी आणलेले तेल आणि शेंगदाणे जपून ठेवले आहेत. पुऱ्यांची दळून आणलेली कणीक मात्र टिकणार नाही, म्हणून ती दोन ताईंनी खरेदीच्या भावाने घरी नेली. त्यांच्यामुळे खर्चाचा मोठा प्रश्न सुटला.

ज्या घरी फोन लागत नाही, तिथे हा निरोप शेजाऱ्यांनी आज रात्रीपर्यंत पोहोचवावा, म्हणजे रविवारी पहाटे 5 वाजता कोणी भिजत चावडीपाशी येऊन उभे राहणार नाही.

आपले स्नेहांकित,
सहल समिती, सार्वजनिक वाचनालय