कोयना १९६७: निवेदनाचा वर्तमानकाळातला खर्डा

ताई, भूकंपाच्या भागाचं निवेदन वर्तमानकाळात आणून पाठवतोय. जुना मजकूर आधी देतो, म्हणजे एडिटला बसल्यावर काय कुठे सरकलं ते दिसेल.

जुनं निवेदन

"११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसरात तीव्र भूकंप झाला होता. त्यात सुमारे १८० लोक मृत्युमुखी पडले व दोन हजारांहून अधिक जखमी झाले. धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या होत्या, परंतु धरण सुरक्षित राहिले. मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला होता. जलाशयातील पाण्यामुळे हा भूकंप घडून आल्याचे मत शास्त्रज्ञांनी पुढे मांडले."

यातली क्रियापदं नुसती बदलून पाहिली. "भूकंप होतो, १८० लोक मृत्युमुखी पडतात." काळ बदलला, पण बोलणारा अजून फाईल समोर ठेवूनच बोलतोय. पहाटे चारला १८० हा आकडा कुणाला ठाऊक असणार? म्हणून एक बंधन घातलं: त्या घटकेला तिथल्या माणसाला जे कळत नव्हतं, ते निवेदकानेही सांगायचं नाही. "धरण सुरक्षित राहिले" हे तिसऱ्याच वाक्यात फोडून टाकलं, तर पुढची पंधरा मिनिटं प्रेक्षकाने कशासाठी बसायचं?

नवीन निवेदन

(काळा पडदा. रातकिडे.)

डिसेंबर १९६७. सोमवार उजाडायला अजून अवकाश आहे. चंद्र केव्हाच मावळलाय. कोयनानगरच्या वसाहतीत दारं बंद आहेत, माणसं पांघरुणात आहेत. वर काळोखात १०३ मीटर उंचीची भिंत उभी आहे, आणि भिंतीमागे शिवाजीसागर.

पाणी साठायला लागलं तेव्हापासून इथली जमीन अधूनमधून थरथरत आलीये. सप्टेंबरात एक मोठा धक्का बसून गेला. लोकांना त्याची आता थोडी सवय झालीये.

(थांबा.)

चार वाजून एकवीस मिनिटं.

जमीन हलतेय. भांडी पडतायत. दगडी भिंती सुटतायत, छपरं खाली येतायत. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत एक यंत्र या कंपाची नोंद घेतंय. बाहेर कुणालाच काही दिसत नाहीये.

(पूर्ण शांतता. मग हाका.)

दिवे गेलेत. वसाहतीतले गेलेत, आणि दूर मुंबईतलेही. कोयनेची वीज बंद पडलीये. ढिगाऱ्यातून आवाज येतायत. ज्याला बाहेर पडता आलं तो हातांनी दगड उपसतोय. आणि उपसता उपसता प्रत्येकजण वरच्या अंगाला बघतोय. भिंत आहे का?

पाणी सुटलं तर खाली कराड आहे. कराडच्या खाली सांगली.

(बाईट: आजी.)

उजाडतंय. भिंत दिसतेय. ती उभी आहे.

तिच्यावर आडव्या भेगा आहेत. जिथे भिंतीचा उतार बदलतो त्या उंचीला, पाण्याच्या बाजूनेही आणि खालच्या बाजूनेही.

(वसाहतीची जुनी छायाचित्रं.)

मोजदाद सुरू होते. मृतांची संख्या १८० च्या आसपास जाते, जखमींची दोन हजारांच्या वर.

दादांसाठी, आवाज देताना

धक्क्याच्या क्षणी "हलतेय, पडतायत" असंच म्हणा. तिथे "हलते, पडतात" म्हटलं की इतिहासाच्या तासासारखं ऐकू येतं. मोजदादीला मात्र मुद्दाम "होते, जाते" ठेवलंय, कारण तिथे दिवस सरतायत.

सप्टेंबरच्या धक्क्याचा भूतकाळ मुद्दाम तसाच ठेवलाय. ती त्या पहाटेच्या लोकांचीच आठवण आहे. "त्या काळी", "पुढे जाऊन" हे शब्द सगळीकडून काढलेत. सवयीने तोंडात आले तर पुन्हा टेक घ्या.

आजींच्या बोलण्याला अजिबात हात लावायचा नाही. त्या "तवा आमी भायेर आलो" म्हणतात, ते तसंच राहू दे. त्या आठवून सांगतायत, आणि आपला वर्तमानकाळ त्यांच्यावर लादायचा हक्क आपल्याला नाही. निवेदन "सांगली" या शब्दावर तोडा, दोन सेकंद जाऊ द्या, मग त्यांचा चेहरा.

जलाशय आणि भूकंपाचा संबंध मी या प्रसंगातून पूर्ण काढला. तो पुढच्या प्रकरणात, शास्त्रज्ञांच्या मुलाखतींच्या आधी येईल. ताई, तिथे निवेदन साध्या भूतकाळातच ठेवूया असं माझं ठाम मत आहे. संशोधन वर्षानुवर्षं चाललं, त्याला पहाटेची घाई शोभत नाही. मान्य असेल तर उद्या त्याचा मजकूर पाठवतो.