नोंद क्रमांक ७

"घुगे, चावा आरोपीने घेतला असं घे," साहेब दारातूनच म्हणाले. "कलम एकशे बत्तीस वाढवू. जामिनाला नाचेल मग."

"म्हणजे आपलं जुनं तीनशे त्रेपन्न," शेख हवालदारांनी खुर्चीतल्या खुर्चीत पुस्ती जोडली. आज रात्रीचे ठाणे अंमलदार तेच. पण डायरी त्यांनी दत्ताकडे सरकवली होती. गेला होतास तू, हकीकत तूच लिही, सही मी करतो.

साहेब केबिनमध्ये गेले. दत्ताने पेन धरून पाहिलं. अंगठ्याच्या बुडाशी बँडेज होतं आणि त्याखाली ठणकत होतं.

बांधावरचं भांडण. बाळूने सख्ख्या भावाच्या हातावर कोयता घातला, हाड मोडलं, आणि बाळू उसात पसार. आज रात्री घरी आल्याची बातमी मिळाली. पोरगी तापाने फणफणली होती, म्हणून आला होता. पथक पोचलं तेव्हा तो तिच्या कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवत बसलेला. पळायला मागचं दार उघडं होतं, तरी उठला नाही. "येतो साहेब, पट्टी बदलू द्या," एवढंच म्हणाला.

अटक अवघड गेली ती बाकीच्यांमुळे. बायको उंबऱ्यात आडवी पडली. सोबत महिला कर्मचारी नव्हती, त्यामुळे तिला हात लावायची सोय नव्हती. म्हातारी ऊर बडवायला लागली, तसा गल्लीत जमाव जमला. जीप मागे घ्यायला जागा उरली नाही. कुणीतरी दगडही टाकला, पण तो पत्र्यावर. आणि पोरीने बापाच्या गळ्याला मिठी मारलेली. साहेब ओरडले, "सोडव तिला!" दत्ताने एकेक बोट सोडवायला घेतलं, तेव्हा ती चावली. चांगली कडकडून. हात हिसडला असता तर तिचा हलता दात हातात आला असता, म्हणून त्याने तसाच ठेवला. ती दमली तेव्हा सुटला.

ग्रामीण रुग्णालयात आरोपीची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी दत्ताचा हात उजेडात धरला. "आरोपीला वरचे पुढचे दोन दात नाहीत का?"

बाळूचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि कागदावर खुणेचं माप लिहिलं.

"झटापटीत दुखापत झाली, एवढंच लिही," शेख हवालदार हळू आवाजात म्हणाले. "कुणाचं नावच नको."

सल्ला जुना आणि मुरलेला होता. पण त्या चार शब्दांत झटापट बाळूचीच ठरणार, हे दोघांनाही माहीत होतं. दत्ताने लिहायला घेतलं.

"नोंद क्र. ७. वेळ ०३.४५. परत व अटक. यावेळी पोउपनि साहेब, मी पोशि घुगे, पोशि सानप व चालक असे गु.र.नं. ११२/२०२५, भा.न्या.सं. कलम ११८(२) मधील आरोपीचे शोधकामी नोंद क्र. ४ अन्वये रवाना झालेलो परत आलो. हकीकत अशी की, आरोपी राहते घरी मिळून आल्याने त्यास ०१.५० वा. अटक केली. अटकेची कारणे मराठीत समजावून सांगितली. पत्नीस समक्ष कळवले. आरोपीने प्रतिकार केला नाही. नातेवाईक व शेजारी जमल्याने निघण्यास विलंब झाला. आरोपीची सहा वर्षांची मुलगी त्यास बिलगली असता तिला बाजूला करताना तिने माझे उजवे हातास चावा घेतला. तक्रार नाही. आरोपीचे डावे कोपरास उसाच्या पाचटाने कापल्याच्या जुन्या खुणा आहेत, इतर जखम नाही. वैद्यकीय तपासणी करून लॉकअपमध्ये ठेवले. मुलगी आजारी असल्याने गावच्या आशाताईंना फोनवरून कळवले."

साहेबांनी उभ्या उभ्याच वाचलं.

"पोरगी चावली? अरे, एसपी ऑफिसात हसतील."

"डॉक्टरांच्या कागदावर माप आहे साहेब. बाळूचे दात मोजायला वकिलाला किती वेळ लागतो?"

साहेबांनी कागद पुन्हा पाहिला. वकिलाचं पटलं असावं. बाकीचं पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"आणि हे आशाताईंचं कशाला?"

"फोन केला होता, म्हणून."

"मला विचारून केलास?"

"नाही साहेब."

"मग तेही लिही," म्हणत साहेबांनी डायरी टेबलावर टाकली आणि टॉवेल शोधत आत गेले. शेख हवालदारांनी सही ठोकली, खाली रेघ ओढली.

"जीपचे किलोमीटर टाकलेस का लॉगबुकात?"

दत्ताने टाकले नव्हते. चालक केव्हाच झोपला होता. तो बॅटरी घेऊन जीपकडे गेला.