२००० लिटर बल्क मिल्क कूलर : उभारणी व कार्यान्वयन अहवाल

ठिकाण : गावच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचे संकलन केंद्र, ता. औसा, जि. लातूर
यंत्र : २००० लिटर बल्क कूलर, वर्ग २एII, टाकी क्र. २५०४-११७
उभारणी : १८ ते २१ एप्रिल २०२५
चाचण्या : २१ ते २६ एप्रिल २०२५
अहवाल लिहिणार : पुरवठादाराचे कार्यान्वयन अभियंता

निष्कर्ष आधी

यंत्र २६ एप्रिलपासून दुधासाठी वापरायला योग्य आहे. पहिली शीतकरण चाचणी नापास झाली होती. मागच्या भिंतीजवळ गरम हवा कोंडत होती, ती अडचण दूर केल्यावर दुसरी चाचणी पास झाली. दोन बाबी बाकी आहेत, पाणी मऊ करण्याचे यंत्र आणि मे अखेरची अर्थिंगची फेरमोजणी. त्या पूर्ण होईपर्यंतची स्वीकृती सशर्त आहे, आणि अटी शेवटी लिहिल्या आहेत.

वर्गाबद्दल

संस्थेने खरेदी आदेशात २एII वर्ग मागितला होता. २ म्हणजे टाकी दोन वेळच्या दुधाची. ए म्हणजे बाहेर ३८ अंश असताना ठरलेली कामगिरी आणि ४३ अंशांपर्यंत सुरक्षित चालणे. II म्हणजे निम्मी टाकी ३५ वरून ४ अंशांवर ३ तासांत. बी वर्गाचे यंत्र स्वस्तात मिळाले असते, पण त्याची कामगिरी ३२ अंशांवर मोजतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो. म्हणून चाचणीही दुपारीच घेतली. पहाटेच्या गारव्यात घेतलेली चाचणी कागदावर छान दिसते, पण त्यावर सभासदांचे दूध सोपवता येत नाही.

बसवणी

चौथरा काळ्या मातीवर आहे. संस्थेने माती काढून मुरुमापर्यंत खोदले, वर मुरूम भरून धुमस केली आणि मग काँक्रीट ओतले, हे काम उत्तम झाले आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चौथरा हलला तर टाकी कलते, आणि टाकी कलली की डिपस्टिकचे माप चुकते. पाणनळीने चारही पायांची पातळी तपासली, सर्वाधिक फरक २ मि.मी. होता, तो पाय फिरवून काढला. पायांवर पांढऱ्या रंगाची खूण केली आहे. पावसाळ्यानंतर ही पातळी पुन्हा पाहावी.

तांब्याच्या नळ्यांचे जोड चांदीच्या सळईने डाग देऊन केले, डाग देताना आतून नायट्रोजन सोडला. २१ एप्रिलला संध्याकाळी ५ वाजता २५० पीएसआय नायट्रोजन भरला, त्या वेळी हवा ३९ अंश. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला गेजवर २३९ दिसले. केंद्रावरच्या मंडळींना गळती वाटली, पण हवा तेव्हा २६ अंश होती आणि वायू थंड झाला की दाब उतरतो. संध्याकाळी ५ ला पुन्हा ३९ अंशांवर गेज २५० वर आले. गळती नाही. त्यानंतर व्हॅक्यूम ४५० मायक्रॉनपर्यंत नेला. पंप बंद करून अर्धा तास ठेवल्यावर ५२० झाला, म्हणजे आत ओल नाही. आर-४०४ए गॅस वजनकाट्यावर मोजून भरला : युनिट १ मध्ये ५.४ किलो, युनिट २ मध्ये ५.५ किलो.

वीज व अर्थिंग

मेगरने (५०० व्होल्ट) कॉम्प्रेसर १ चे इन्सुलेशन ८५ मेगाओहम, कॉम्प्रेसर २ चे ९० आणि ढवळणीच्या मोटरचे १०० च्या वर आले. फेजचा क्रम बरोबर, पंख्यांची दिशा बरोबर.

दुपारचे व्होल्टेज : आर-वाय ४०८, वाय-बी ४१२, बी-आर ४०५. तीन फेजमधील असमतोल ०.९ टक्के. खरी परीक्षा रात्रीची होती. २२ तारखेला रात्री ९ वाजता, आजूबाजूचे पंप चालू असताना, येणारे व्होल्टेज ३५६ वर गेले. २० केव्हीएच्या सर्वो स्टॅबिलायझरने बाहेर ४०९ दिले. स्टॅबिलायझर बायपास करून यंत्र कधीही चालवू नये. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर जास्त अँपिअर ओढतो आणि वाइंडिंग जळते. बायपास स्विचला कुलूप लावून किल्ली सचिवांकडे दिली आहे.

अर्थिंगचे पहिले रीडिंग ७.४ ओहम आले. ठेकेदाराने ठरवलेली मर्यादा २ ओहम आहे. खड्डा कोरड्या, भेगाळलेल्या काळ्या मातीत होता. तो मुरुमाच्या खाली ओलीपर्यंत नेला, अर्थिंग कंपाउंड भरले, ३ मीटर अंतरावर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही पट्टीने जोडले आणि पाणी दिले. २४ एप्रिलचे रीडिंग १.८ ओहम. हा आकडा पाणी दिल्यानंतरचा आहे, त्यामुळे तो कायमचा धरू नये. स्टीलच्या टाकीला ओल्या हातांनी माणसे रोज लागणार आहेत, म्हणून फेरमोजणीचा आग्रह आहे.

२५ केव्हीए डिझेल जनरेटरवर दोन्ही युनिट एकत्र चालवले : ४१४ व्होल्ट, ५०.४ हर्ट्झ. वीज गेल्यावर कॉम्प्रेसर ३ मिनिटे थांबून मगच सुरू होतो. ही वेळ कमी करू नये.

तापमान, माप, ढवळणी

कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात पॅनेलचा सेन्सर ०.३ अंश दाखवत होता. दुरुस्ती दिल्यावर ०.०. प्रमाणित थर्मामीटरशी ४ अंशांवर ताडले, दोन्ही ४.०. डिपस्टिक मोजलेल्या पाण्याने पडताळली : ५०० ला ४९८, १००० ला १००३, २००० ला १९९६ लिटर. ढवळणी मिनिटाला २८ फेरे, फेस येत नाही. थंड झाल्यावर दर १५ मिनिटांनी २ मिनिटे फिरते.

शीतकरण चाचणी १ : २३ एप्रिल, नापास

गच्चीवरच्या काळ्या टाक्यांत उन्हाने तापलेले पाणी आणि बोअरचे पाणी मिसळून १००० लिटर पाणी बरोबर ३५ अंशांवर आणले. दुपारी १.३० ला सुरुवात केली. चाळिसाव्या मिनिटाला युनिट २ बंद पडले, पॅनेलवर HP असा संकेत. पुन्हा सुरू केले, तासाभराने पुन्हा तेच. डिस्चार्ज दाब ३९० पीएसआयच्या कटआउटला भिडत होता. ४ अंश गाठायला ३ तास ३४ मिनिटे लागली.

अंगणात ४० अंश असताना युनिट २ च्या कंडेन्सरपाशी शिरणारी हवा ४७ अंश मोजली. भिंत ४५० मि.मी. वर आणि वरून पत्र्याचे छप्पर, त्यामुळे बाहेर टाकलेली गरम हवाच परत ओढली जात होती. कटआउट ४२० वर नेऊन चाचणी उरकता आली असती. ते केलेले नाही आणि पुढेही कोणी करू नये. तो कटआउट कॉम्प्रेसर आणि नळ्या वाचवण्यासाठीच आहे.

उपाय म्हणून युनिट २ भिंतीपासून १.२ मीटरवर सरकवले. संस्थेच्या गवंड्याने भिंतीत ९०० × ६०० मि.मी. चे दोन झरोके पाडले, छपराचा मागचा पत्रा काढला. नळी दीड मीटर वाढली, म्हणून गॅस सिलिंडरमध्ये परत काढून घेतला आणि दाब, व्हॅक्यूम, गॅस भरणे ही सगळी कामे त्या युनिटवर नव्याने केली. लांब नळीमुळे आता युनिट २ मध्ये ५.७ किलो गॅस आहे.

शीतकरण चाचणी २ : २५ एप्रिल, पास

पाणी १००० लिटर, सुरुवात दुपारी १.०० वाजता, बाहेर ३९.५ ते ४०.५ अंश, कंडेन्सरपाशी ४१ अंश.

| वेळ (मिनिटे) | पाणी (अंश से.) | युनिट १ सक्शन / डिस्चार्ज (पीएसआय) | युनिट २ सक्शन / डिस्चार्ज (पीएसआय) |
|---|---|---|---|
| ० | ३५.० | सुरू होत आहे | सुरू होत आहे |
| ३० | २८.२ | ७८ / ३४६ | ७९ / ३४८ |
| ६० | २१.९ | ७४ / ३४४ | ७५ / ३४७ |
| ९० | १६.२ | ७० / ३४२ | ७० / ३४५ |
| १२० | ११.० | ६५ / ३४० | ६५ / ३४३ |
| १५० | ६.६ | ६० / ३३८ | ६० / ३४२ |
| १७१ | ४.० | ५७ / ३३८ | ५७ / ३४२ |

लागलेला वेळ २ तास ५१ मिनिटे, मर्यादा ३ तास. एकही ट्रिप नाही. सुरुवातीचा एकूण करंट आर १२.१, वाय ११.६, बी ११.९ अँपिअर. मीटरवर १८.९ युनिट वीज लागली. पाण्याला दुधापेक्षा थोडी जास्त उष्णता काढावी लागते, म्हणून तेवढ्याच दुधाला याहून कमी वेळ लागेल.

वीज बंद करून ४ तास टाकी तशीच ठेवण्याची चाचणीही घेतली. पाणी ४.० वरून ४.७ वर गेले. आदेशातील मर्यादा १ अंश. इन्सुलेशन चांगले आहे.

दुधावरची चाचणी

टाकी कॉस्टिकच्या गरम पाण्याने, मग आम्लाने धुऊन, निर्जंतुक करून २५ तारखेच्या संध्याकाळी दूध घेतले. ६४० लिटर, ६.३० ते ८.०० दरम्यान, सरासरी ३४ अंश. ८.३५ ला ४.०. सकाळी त्यावर ७२० लिटर आले, ६.१५ ते ७.४५. एकत्र दूध जास्तीत जास्त ७.८ अंशांपर्यंत चढले (१० च्या वर जाऊ द्यायचे नाही) आणि ८.१७ ला पुन्हा ४.० झाले. मेथिलीन ब्ल्यू चाचणी : संध्याकाळी घेताना ४ तास, सकाळी टँकर भरताना ३ तास ५० मिनिटे. रात्रभरात दूध जवळपास तसेच राहिले. दूध परीक्षकांनी उकळ चाचणीही केली, एकही नमुना फुटला नाही.

बाकी कामे व अटी

बोअरच्या पाण्याचा कठीणपणा ६२० मि.ग्रॅ. प्रति लिटर आहे. अशा पाण्याने धुतले की स्टीलवर दूधखडा धरतो आणि त्यात जंतू राहतात. संस्थेने १५ मेपर्यंत पाणी मऊ करणारे यंत्र बसवावे, तोवर आठवड्यातून दोनदा आम्लाने धुवावे. अर्थिंगची फेरमोजणी ३० मे रोजी ठेकेदार करतील, तोवर खड्ड्यांत दर चार दिवसांनी पाणी घालावे. झरोक्यांसमोर कॅन, पेंड, कडबा काहीही ठेवू नये. कंडेन्सरची जाळी दर आठवड्याला ब्रशने साफ करावी. केंद्रावरच्या दोघांना चालू-बंद, धुलाई आणि नोंदवही शिकवली. दोघांनी माझ्यासमोर एकेकदा पूर्ण धुलाई करून दाखवली.

स्वाक्षऱ्या, २६ एप्रिल २०२५

कार्यान्वयन अभियंता, पुरवठादार : सर्व रीडिंग मी स्वतः घेतली. स्वाक्षरी केली.

परवानाधारक विद्युत ठेकेदार : इन्सुलेशन व अर्थिंग मान्य, ३० मेच्या फेरमोजणीस बांधील. स्वाक्षरी केली.

दूध परीक्षक, संकलन केंद्र : दुधावरच्या चाचणीची रीडिंग माझ्यासमोर. स्वाक्षरी केली.

सचिव, संस्था : बायपासची किल्ली, पुस्तिका व सुटे भाग मिळाले. १५ मेची मुदत मान्य. स्वाक्षरी व शिक्का.

अध्यक्ष, संस्था : सशर्त स्वीकृती. शेवटचे १० टक्के बिल दोन्ही बाकी कामांची नोंद या अहवालाला जोडल्यावर देण्यात येईल. स्वाक्षरी व शिक्का.