सुरक्षा अपवाद: विनंती अर्ज आणि मंजुरीची कार्यपद्धती

माहिती-सुरक्षा कक्ष. आवृत्ती १.०. बँकेचे सर्व विभाग आणि ४२ शाखांना १ एप्रिल २०२६ पासून लागू.

१. हे कशासाठी

बेसलाइनमधला एखादा नियम ठरलेल्या तारखेपर्यंत पाळणे शक्य नसेल, तर त्या विभागाने हा अर्ज भरायचा. नियम पाळायला अवघड जातो, एवढ्यावर अपवाद मिळत नाही. आज तो पाळला तर कोणते काम थांबेल आणि तो कोणत्या तारखेपासून पाळता येईल, ही दोन उत्तरे हातात असतील तरच अर्ज करा. दुसरे उत्तर नसेल तर आधी आयटी विभागाशी बसून ते ठरवा. तारीख नसलेला अर्ज नोंदवून घेतला जाणार नाही.

अपवाद न घेता नियम मोडलेला आढळला, तर ते लेखापरीक्षणात त्रुटी म्हणून जाईल. स्वतःहून अर्ज करणाऱ्या विभागावर मात्र, नियम आधीपासून मोडलेला असला तरी, ३० जून २०२६ पर्यंत शेरा मारला जाणार नाही. लपवलेल्या जुन्या मशीन बाहेर याव्यात म्हणून ही सवलत ठेवली आहे.

२. ज्यांना अपवाद नाही

कायद्याने घातलेल्या अटी बँकेतल्या कोणाच्याही सहीने शिथिल होत नाहीत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. 'डिस्क भरली म्हणून ९० दिवसांचेच लॉग ठेवतो' असा अर्ज आल्यास तो परत जाईल आणि डिस्क मागवली जाईल.

यांशिवाय दोन गोष्टींवर चर्चा नाही: अनेकांनी मिळून वापरायचा अ‍ॅडमिन पासवर्ड, आणि इंटरनेटवरून थेट पोहोचता येणाऱ्या सर्व्हरवर प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात असलेली, पॅच उपलब्ध असूनही न बुजवलेली त्रुटी.

३. अर्ज (भरलेला नमुना)

रकाने दहाच आहेत. पूर्वीच्या मसुद्यात ३१ होते. एवढा मोठा अर्ज लोक जुन्या अर्जावरून उतरवून काढतात, म्हणून ज्या उत्तराने निर्णय बदलत नाही तो रकाना काढून टाकला. खालचा नमुना लॉकर भाडेवसुलीच्या सर्व्हरचा आहे. उत्तरे इतकी नेमकी हवीत.

१) अर्ज क्रमांक व दिनांक: SE-2026-014, ६ एप्रिल २०२६.

२) अर्जदार विभाग व जबाबदार अधिकारी: ठेवी व लॉकर विभाग, विभागप्रमुख. (पुरवठादार किंवा आयटीतला अभियंता इथे चालत नाही.)

३) कोणता नियम: बेसलाइन नियम ७, उत्पादकाचा पाठिंबा संपलेली ऑपरेटिंग सिस्टीम वापरायची नाही.

४) नेमके काय आणि किती: एक सर्व्हर, 10.20.30.15, विंडोज सर्व्हर २०१२ आर२. त्यावर लॉकर भाडेवसुलीचे सॉफ्टवेअर आणि त्याचा डेटाबेस. ११ शाखांतले २३ पीसी त्याला जोडतात. लॉकरधारकांची नावे, पत्ते, खाते क्रमांक त्यात आहेत. इंटरनेट जोडणी नाही.

५) आज का जमत नाही: या सिस्टीमचा नियमित पाठिंबा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला आणि पैसे भरून मिळणारे वाढीव पॅच बँकेने घेतलेले नाहीत. सॉफ्टवेअरची सध्याची आवृत्ती नव्या विंडोजवर चालत नाही. नवी आवृत्ती चाचणीत आहे. भाडे थकबाकीचा अहवाल त्यात चुकीचा निघतो.

६) काय बिघडू शकते: शाखेतला एखादा पीसी बाधित झाला तर तिथून सर्व्हर ताब्यात जाऊन डेटा कुलूपबंद होऊ शकतो किंवा बाहेर जाऊ शकतो. वसुली हाताने करावी लागेल. ती ११ शाखांत सुमारे ५ दिवस रेटता येईल, त्यापुढे नाही.

७) तोवरचे पर्यायी उपाय: (अ) सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये; नोंदवलेल्या २३ पीसींवरून फक्त 1433 हे पोर्ट खुले. (आ) एसएमबी आवृत्ती १ बंद. (इ) रिमोट डेस्कटॉप फक्त जंप सर्व्हरवरून, ओटीपीसह. (ई) रोज रात्री बॅकअप, त्याची एक प्रत नेटवर्कपासून तुटलेली. महिन्यातून एकदा तो परत चढवून पाहणे.

८) कायमचा उपाय, खर्च, तारीख: नवी आवृत्ती, नवा सर्व्हर. ४ लाख ८० हजार रुपये, चालू अंदाजपत्रकात मंजूर. अहवालाची दुरुस्ती ३० मे, दोन शाखांत चाचणी जूनमध्ये, सर्व शाखा १० जुलै २०२६.

९) मुदत संपली आणि काम झाले नाही, तर काय बंद करायचे: २३ पीसींवरून सर्व्हरकडे जाणारी वाट. वसुली हस्तलिखित नोंदवहीवर.

१०) मागितलेली मुदत: १८० दिवस.

४. अर्ज कुठे फसतात

सातव्या रकान्यात. 'फायरवॉल आहे', 'अँटिव्हायरस आहे', 'हे तर आतल्या नेटवर्कवर आहे' ही तीन वाक्ये सर्रास येतात आणि तिन्ही निरुपयोगी आहेत. फायरवॉल आणि अँटिव्हायरस बेसलाइनमध्ये आधीपासूनच आहेत. जे सगळ्यांनाच सक्तीचे आहे ते भरपाई म्हणून दोनदा मोजता येत नाही. आणि आतल्या नेटवर्कच्या भरवशाचे काय होते ते मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने दाखवले. एसएमबीतल्या ज्या त्रुटीवरून तो एका मशीनवरून दुसरीवर पसरला, तिचा पॅच एमएस१७-०१० मार्चमध्येच आला होता.

म्हणून प्रत्येक उपायापुढे तीन गोष्टी लिहा: तो हल्ल्याची कोणती वाट अडवतो, तो चालू आहे हे कोण तपासणार, आणि पुरावा काय. नमुन्यातल्या (अ) साठी, यादीत नसलेल्या शाखेच्या पीसीवरून हे चालवून निकाल जोडायचा:

```
nmap -Pn -p 445,1433,3389 10.20.30.15
```

तिन्ही पोर्टांपुढे `filtered` यायला हवे. एकही `open` दिसले तर तो उपाय कागदावरच आहे. हीच तपासणी यादीतल्या पीसीवरूनही करा: तिथे 1433 `open` आणि बाकी दोन `filtered`. फक्त पहिली तपासणी केली तर सर्व्हर बंद पडलेला असतानाही निकाल छान दिसतो. (आ) साठी सर्व्हरवर:

```
Get-SmbServerConfiguration | Select EnableSMB1Protocol
```

उत्तर `False` हवे.

दुसरी नेहमीची चूक चौथ्या रकान्यात होते. 'लॉकर प्रणाली' एवढेच लिहिले, तर पुढच्या महिन्यात त्याच अपवादाखाली आणखी दोन सर्व्हर उभे राहतात. अपवाद यादीतल्या आयपी पत्त्यांपुरताच असतो. त्यात भर घालायची तर नवा अर्ज.

५. जोखमीचे गुण

शक्यता १ ते ४, परिणाम १ ते ४, दोन्हींचा गुणाकार. तो दोनदा करायचा: पर्यायी उपाय धरण्यापूर्वी आणि धरल्यावर. सही कोणाची हे पहिल्या गुणांवर ठरते, मुदत किती हे दुसऱ्या गुणांवर. दोन्ही गोष्टी उपायांनंतरच्या गुणांवर सोपवल्या, तर वरच्या सहीपासून वाचण्यासाठी उपाय फुगवून लिहिले जातात.

| गुण | सही (उपायांपूर्वीचे गुण) | कमाल मुदत (उपायांनंतरचे गुण) |
|---|---|---|
| १ ते ४ | अर्जदार विभागप्रमुख | १८० दिवस |
| ६ ते ९ | उपमहाव्यवस्थापक | ९० दिवस |
| १२ ते १६ | मुख्य कार्यकारी अधिकारी | ३० दिवस |

नमुन्यात उपायांपूर्वी शक्यता ४, परिणाम ३, म्हणजे १२ गुण. सही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची. उपायांनंतर शक्यता २ वर येते, म्हणजे ६ गुण. त्यामुळे १८० दिवस मागूनही ९० मिळाले. उपायांनी शक्यता उतरते. परिणाम उतरल्याचे दाखवायचे असेल तर डेटा कमी केल्याचा किंवा बॅकअप परत चढवून पाहिल्याचा पुरावा हवा.

सुरक्षा कक्ष मंजुरी देत नाही, अभिप्राय देतो. नुकसान ज्याच्या कामाचे होणार, जोखीम त्याच्याच बाजूच्या अधिकाऱ्याने स्वीकारायची. अभिप्राय प्रतिकूल असूनही मंजुरी देता येते, पण मग कारण स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते. 'मान्य' एवढा शेरा पुरत नाही.

६. अर्जाचा प्रवास

पहिले २ कामाचे दिवस छाननीचे: रकाने पूर्ण आहेत का, एवढेच पाहिले जाते. त्रुटी असल्यास अर्ज एकदाच, सगळ्या त्रुटी एकत्र लिहून परत जातो. पुढचे ५ कामाचे दिवस सुरक्षा कक्षाच्या अभिप्रायाचे. या काळात सातव्या रकान्यातले पुरावे कक्षातला माणूस स्वतः चालवून पाहतो. अर्जदाराने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. त्यानंतर निर्णयाला ३ कामाचे दिवस.

निर्णय वेळेत आला नाही तर अर्ज एक पायरी वर जातो. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडेच अडकला असेल, तर तो संचालक मंडळाच्या आयटी समितीपुढे ठेवला जातो. उत्तर न येणे म्हणजे मंजुरी नव्हे. तिकीट प्रणालीतली आपोआप मंजुरीची सोय या अर्जासाठी बंद ठेवली आहे.

नमुन्यातला अर्ज ८ एप्रिलला छाननीतून सुटला, १४ एप्रिलची सुट्टी धरून अभिप्राय १६ ला आणि मंजुरी १७ ला. मुदत १६ जुलै २०२६ ला संपते.

रात्री कामकाज ठप्प झाले आणि नियम बाजूला ठेवल्याशिवाय ते सुरू होत नसेल, तर सुरक्षा प्रमुखांची फोनवरची तोंडी संमती ७२ तास चालते. फोन घेणाऱ्याने त्याच वेळी तिकिटात नोंद करायची. ७२ तासांत अर्ज आला नाही तर बदल मागे घेतला जातो. उद्या तपासणी आहे, ही आणीबाणी नव्हे.

७. मुदत संपताना

३० आणि १४ दिवस आधी विभागप्रमुखांना स्मरणपत्र जाते. मुदतवाढ हवी असेल तर १४ दिवस आधी मागावी, आठव्या रकान्यातली कोणती तारीख का चुकली ते लिहून. वाढ एकदाच मिळते, पहिल्या मुदतीच्या निम्म्यापर्यंत. दुसऱ्यांदा मागितली तर अर्ज आयटी समितीकडे जातो, सोबत कायमच्या उपायाचा खर्च आणि तो का झाला नाही याचे उत्तर.

वाढ नाही आणि कामही झाले नाही, तर मुदतीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी संध्याकाळी ६ वाजता नेटवर्क विभाग नवव्या रकान्यात लिहिलेली वाट बंद करतो. त्यासाठी नव्या परवानगीची गरज नाही. ती मूळ सहीतच दिलेली आहे. नववा रकाना गुळमुळीत असला की नेमकी इथेच गाडी अडते: 'योग्य ती कारवाई करावी' असे लिहिलेले असेल तर त्या संध्याकाळी कोणीच काही बंद करत नाही. छाननीत हा रकाना सर्वांत कडकपणे वाचला जाईल.

एकाच नियमावर एका तिमाहीत ५ किंवा अधिक अपवाद आले, तर सुरक्षा कक्षाने तो नियमच फेरतपासणीला घ्यायचा.

८. नोंदवही

नोंदवही म्हणजे बँकेत कुठे भोके आहेत याचा नकाशाच. अर्ज ईमेलने पाठवू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. तिकीट प्रणालीत तो अर्जदार, मंजुरी देणारे, सुरक्षा कक्ष आणि अंतर्गत लेखापरीक्षक यांनाच दिसतो. पुरवठादारांच्या लॉगिनला दिसत नाही. दर सोमवारी सकाळी ही यादी काढली जाते:

```sql
SELECT id, owner_dept, expiry
FROM exceptions
WHERE status = 'approved'
  AND expiry <= CURRENT_DATE + INTERVAL '30 days'
ORDER BY expiry;
```

उलटून गेलेल्या तारखाही या यादीत मुद्दाम येतात. अशी ओळ दिसली तर कलम ७ प्रमाणे वाट बंद झाली का, हे सुरक्षा कक्षाने त्याच दिवशी तपासायचे. काम पूर्ण झाल्यावर विभागाने कळवणे पुरेसे नाही: जुना सर्व्हर बंद, फायरवॉलमधले त्याचे नियम काढलेले आणि बॅकअपचा निकाल लागलेला, एवढे पाहूनच `status` मध्ये `closed` लिहायचे.